मदत हवी आहे: एकाच पेटीचे नोसेमाचे दोन आकडे, कोणता धरायचा?

नमस्कार मंडळी. येऊरच्या पायथ्याशी मेलिफेराची पेटी आहे. पावसाळ्यापासून माश्या कमी होत चालल्यात, पण दारावर हगवणीचे डाग नाहीत. नोसेमा सेरानेत बहुधा ते दिसतही नाहीत, म्हणून पोटं ठेचून तपासली.

३० माश्यांची पोटं खलात कुटून ३० मिली पाण्यात मिसळली, म्हणजे माशीमागे १ मिली, आणि मलमलीतून गाळली. बीजाणू तळाशी बसतात, म्हणून थेंब घेण्याआधी बाटली नीट हलवली. रक्तपेशी मोजायच्या काचेवर दोन मिनिटं थांबून ४०० पट मोठं करून ८० छोटे चौकोन मोजले. ठळक काळ्या कडेचे, तांदळाच्या दाण्यासारखे चमकदार तेवढेच धरले. कोंब फुटलेलं यीस्ट आणि पराग सोडले. या मिश्रणात एका बीजाणूमागे माशीला ५०,०००.

दारातल्या माश्यांत ४६ मिळाले, म्हणजे माशीमागे २३ लाख. पिलाव्याच्या चौकटीवरच्या माश्यांत फक्त ४, म्हणजे २ लाख. तिथल्या माश्या कोवळ्या, त्यामुळे फरक समजतो. पण १० लाखांची रूढ मर्यादा लावायची कोणत्या आकड्याला? शिवाय २३ लाख ही सरासरी. दोन-तीन माश्याच गच्च भरलेल्या असल्या तरी तेवढीच येईल. म्हणून दारातल्या २० माश्या एकेक करून तपासाव्यात का?

काळी पोळी काढून पेटी कोरडी, हवेशीर ठेवणार आहे. राणी आत्ताच बदलावी की पराग वाढेपर्यंत थांबावं? औषध द्यायचं नाही.