मदत हवी आहे: आमच्या स्टॉपरचा हेडर टाळूवर बसतोय, काय करावं?

खानापूरचा मास्तर

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत गणित शिकवतो. खेळाचे सर बदलून गेल्यापासून 14 वर्षांखालची फुटबॉल टीम माझ्याकडे आहे. मी आयुष्यभर क्रिकेट खेळलो, त्यामुळे मुलांना पळवणं, पासिंग करून घेणं एवढं जमतं. हेडरचं मात्र काहीच कळत नाही.

आमचा स्टॉपर बारा वर्षांचा आहे. पोरगं धीट आहे, अंगावर बॉल घ्यायला घाबरत नाही. पण उंच बॉल आला की धावत थेट त्याच्याखाली जाऊन उभं राहतंय, लवकर उडी मारतंय आणि बॉल टाळूवर आदळून मागं जातोय. डोळे गच्च मिटलेले असतात. गेल्या आठवड्यात पावसानंतर मी ओळीनं वीसएक हेडर करायला लावले. शेवटी ते डोकं धरून बांधावर बसलं. संध्याकाळी बरं होतं म्हणाले घरचे, पण मला रात्रभर झोप नाही.

तालुका स्पर्धा तोंडावर आहे. डोक्याचा नेमका कुठला भाग, मान कशी, उडी कधी, हे कोणी नीट सांगेल का? आणि या वयात शिकवावं की नाही, हेही सांगा.

टिळकवाडीकर

मास्तर, एवढं मनाला लावून घेऊ नका. चारशे ग्रॅमच्या बॉलनं डोक्याला काही होत नाही. आम्ही लहानपणी लेले मैदानावर ओल्या चामड्याच्या बॉलनं खेळलो, तो तर दगडासारखा व्हायचा. मान मात्र मजबूत पाहिजे, ते खरं. रोज शीर्षासन आणि डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन चालायला लावा. महिन्यात फरक दिसेल.

जुना स्टॉपर

मी बेळगावात बरीच वर्षं मागे खेळलो, आता संध्याकाळी पोरांना शिकवतो. टिळकवाडीकरांचं मानेबद्दलचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, उपाय मात्र चुकीचा. त्याबद्दल इथे कोणी फिजिओ असेल तर त्यांनीच सांगावं. मी बॉलचं सांगतो.

मास्तर, तुमच्या पोराच्या तीन चुका दिसतात, पण त्या एकाच चुकीच्या तीन खुणा आहेत. तो बॉलच्या खाली जातो. खाली गेला की बॉल बघायला मान मागे टाकावी लागते, बॉल नजरेतून सुटतो, मग डोळे मिटतात आणि टाळू पुढे येते. म्हणून "डोळे उघडे ठेव" असं कितीही ओरडलात तरी फरक पडणार नाही. आधी पाय सुधारा. बॉल जिथे पडणार असं वाटतं त्याच्या दीड पाऊल मागे थांबायचं आणि शेवटचं पाऊल पुढे टाकत बॉलवर जायचं. बॉल डोक्यावर पडू द्यायचा नाही, कपाळ बॉलवर न्यायचं.

जागा म्हणजे भुवयांच्या वर, केस सुरू होतात तिथपर्यंतची सपाट पट्टी. तिथलं हाड जाड असतं आणि मुख्य म्हणजे तिथे बॉल शेवटपर्यंत दिसतो. टाळूवर बसला तर धक्का सरळ मणक्यात उतरतो. कानशिलावर बसला तर डोकं गरकन फिरतं, आणि ते सगळ्यात वाईट. बॉल लागताना क्षणभर पापणी मिटतेच, ती मोठ्या खेळाडूंचीही मिटते. आपल्याला टाळायचंय ते आधीपासून मिटून घेणं. दात एकावर एक, जीभ आत, हनुवटी किंचित छातीकडे.

एक युक्ती सांगतो. बॉलला ओली तांबडी माती चोळा, आपल्याकडे तिची कमी नाही. नाहीतर फळ्यावरच्या खडूची भुकटी. हेडर झाला की डाग कुठे उठलाय ते पोराला आरशात दाखवा. डाग केसांत असेल तर तो अजून खाली घुसतोय, डाग नाकाजवळ असेल तर मागे राहिलाय. पोराला शब्दांपेक्षा डाग लवकर कळतो.

मास्तर

हे फार उपयोगी आहे. पण उडी कधी मारायची? मी "आता!" म्हणून ओरडतो, तरी तो आधीच वर गेलेला असतो.

जुना स्टॉपर

तुम्ही गणिताचे आहात म्हणून गणितातच सांगतो. या वयाचं पोरगं उडीत साधारण 25-30 सेंटिमीटर वर जातं. गुडघे वाकवण्यापासून टोकाला पोचेपर्यंत जवळपास अर्धा सेकंद जातो. तुम्ही पाच-सहा मीटरवरून दोन्ही हातांनी खालून बॉल उचलून टाकलात आणि तो साडेतीन मीटर वर गेला, तर टोकावरून त्याच्या कपाळापर्यंत यायला त्याला साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हणजे अशा बॉलला टोक गाठलं की गुडघे वाकायला सुरुवात करायची.

आता कॉर्नरचा बॉल सहा मीटर वर जातो असं धरा. तो टोकावरून उतरायला जवळपास एक सेकंद घेतो. सरावातल्या सवयीनं पोरगं टोकालाच उडी घेतं आणि बॉल यायच्या आधी परत जमिनीवर येतं. तुमच्या पोराचं नेमकं हेच होत असणार. कॉर्नरला बॉल टोकावरून साधारण पाव अंतर खाली आल्यासारखा दिसला की निघायचं. आणि तुम्ही ओरडू नका. तुमचं ओरडणं, त्याचं ऐकणं, मग पाय हलणं, यात वेळ जातो. त्यालाच मोठ्यानं "वर" आणि "आता" म्हणू द्या.

निपाणीकर

माझ्या मुलाचीही मान दुखते, पण तो फुटबॉल खेळत नाही, मोबाईल फार बघतो. डॉक्टरांनी उशी बदलायला सांगितली. मास्तर, मुलाची उशी जाड आहे का ते एकदा विचारून बघा. आमच्याकडे बराच फरक पडला.

वडगावची फिजिओ

निपाणीकर दादा, इथे मानदुखीचा विषय नाहीये. तुमच्या मुलाबद्दल वेगळा धागा काढा, मी नक्की उत्तर देईन.

मास्तर, आधी एक गोष्ट कडक शब्दांत सांगते, राग मानू नका. मूल डोकं धरून बसलं तिथेच त्या दिवसाचा खेळ संपला पाहिजे होता आणि डॉक्टरांना दाखवायला हवं होतं. अजूनही दाखवून घ्या, तोपर्यंत एकही हेडर नको. संध्याकाळी बरं वाटणं म्हणजे डोक्याला धक्का बसला नव्हता असं होत नाही. पुढे कधी ओकारी, वाढत जाणारी डोकेदुखी, गोंधळल्यासारखं बोलणं, झापड येणं, झटके, हातपाय कमजोर वाटणं, यातलं काहीही दिसलं तर थेट दवाखाना गाठा.

टिळकवाडीकर काका, शीर्षासन आणि कळशी दोन्ही नको. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानानं जड असतं आणि मान अजून तयार व्हायची असते. त्या मणक्यावर वरून वजन दाबणं म्हणजे आपण जो टाळायला बघतोय तोच धक्का हळूहळू देणं.

करायचं ते सोपं आहे. तळहात कपाळावर ठेवायचा, डोकं हाताला हलकं दाबायचं, पण डोकं हलू द्यायचं नाही. पाच सेकंद. मग हात मागे, मग दोन्ही बाजूंना. प्रत्येक दिशेला तीन-चार वेळा, आठवड्यातून तीन दिवस. दुसरं, पाठीवर झोपून हनुवटी आत ओढायची आणि डोकं जमिनीपासून दोन बोटं उचलून पाच सेकंद धरायचं. थरथर सुटली की थांबायचं. दुखलं तर करायचंच नाही.

पण नुसती ताकद असून भागत नाही. बॉल लागायच्या क्षणी मान आवळलेली पाहिजे. आवळली की डोकं आणि धड एकत्र हलतं, सुटी राहिली की एकटं डोकं झटका खातं. आणि बॉल येताना दिसला तरच मान वेळेवर आवळते. म्हणून जुन्या स्टॉपर दादांनी पायांचं जे सांगितलं, ते मानेसाठीही तितकंच आहे. जोर कमरेतून आणि पोटातून यायला हवा. मान पुढे झटकून मारायचं नाही.

टिळकवाडीकर

शीर्षासनाचं मी मागे घेतो ताई. आमच्या तालमीत सांगायचे म्हणून सांगितलं. पण मग परदेशात तर लहान मुलांना हेडरच बंद केलाय म्हणे. ते खरं आहे का?

वडगावची फिजिओ

हो. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेनं 2015 साली दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर बंद केला. इंग्लंडमध्ये 2020 पासून प्राथमिक शाळेच्या वयात सरावात हेडर नाही. बाराव्या वर्षाच्या गटाला महिन्यात एकच सत्र आणि त्यात जास्तीत जास्त पाच हेडर, त्याच्या वरच्या गटाला आठवड्यात एक सत्र, पाचच हेडर. मास्तर, तुमचे वीस एका दिवसात झाले होते.

जुना स्टॉपर

इथे माझं थोडं वेगळं मत आहे. सरावात अजिबात शिकवलं नाही आणि मॅचमध्ये कॉर्नर आला, तर पोरगं टाळूच देणार. म्हणून मी शिकवतो, पण फुग्यानं आणि स्पंजच्या बॉलनं. पाय, डोळे, वेळ सगळं त्यातच बसतं. खरा बॉल शेवटी, चार-पाच वेळाच. बारा वर्षांपर्यंत चार नंबरचा बॉल घ्या, पाच नंबरचा नको. हवा दगडासारखी भरू नका, अंगठ्यानं दाबल्यावर थोडी आत गेली पाहिजे.

आणखी एक. मोठी दुखापत बहुधा बॉलनं होत नाही, दुसऱ्याच्या डोक्यानं किंवा कोपरानं होते. उडी घेण्याआधी "माझा!" असा आवाज हवाच. दोघं एकाच बॉलला वर गेले की मी शिट्टी मारून थांबवतो.

मास्तर

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी आधी दहा दिवस खेळ बंद ठेवला, मग हळूहळू सुरू करायला सांगितलं. ओकारी, चक्कर काही नव्हतं.

त्यानंतर पहिला आठवडा फक्त फुगे. वर्गातल्या बाकाशेजारी उभं करून आधी उडीशिवाय, मग उडी घेऊन. काल पहिल्यांदा चार नंबरचा बॉल घेतला, खडूची भुकटी लावून, पाचच हेडर. पहिले दोन डाग केसांत होते. तिसऱ्याला मी त्याला आणखी एक पाऊल मागे उभं केलं आणि डाग बरोबर कपाळाच्या मधोमध उठला. पोरानं शर्टाच्या बाहीनं पुसायच्या आधी आरसा मागितला. पुढचे दोन्ही तिथेच.

कॉर्नर मात्र अजून जमत नाही. उंच बॉलला तो अजूनही घाईच करतो. स्पर्धेत त्याला पुढच्या खांबापाशी उभं करून पायानं खेळायला लावायचं आणि उंच बॉल दुसऱ्याला द्यायचा, असा विचार आहे. आमच्या मुख्याध्यापकांना ते पटत नाहीये, त्यांना स्टॉपर मध्येच हवाय.

जुना स्टॉपर

पुढच्या खांबापाशीच ठेवा. मुख्याध्यापकांना तो खडूचा बॉल दाखवा. आणि उंच बॉलसाठी त्याला उडी न मारता नुसतं बाजूला उभं राहून मोजू द्या, बॉल टोकाला कधी, पाव अंतर खाली कधी. एका दिवसात तीस-चाळीस बॉल बघितले तरी चालतील, डोक्याला एकही लागत नाही.

कॅम्पची आई

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, केसांची उंच पोनी बांधते. हेडरला त्यामुळे काही अडचण येते का? तिच्या कोच बाईंना विचारलं तर हसल्या.

वडगावची फिजिओ

पोनी कपाळावर येत नाही, त्यामुळे बॉलच्या जागेला अडचण नाही. पण डोकं मागे घेताना ती मानेला टेकत असेल तर तिला हनुवटी आत ठेवायला त्रास होईल. खाली बांधून एकदा फुग्यावर करून बघू द्या, तिलाच कळेल.