मदत हवी आहे: हप्त्यांची स्लाइड कशी मांडावी?

पुण्यातल्या प्रकल्पाचं सादरीकरण करतोय. प्लॅन आणि सुविधांच्या स्लाइड्स झाल्या, अडलंय हप्त्यांवर. महारेराच्या नमुना करारात टक्के एकत्रित दिलेत: करारनाम्यानंतर ३०, जोत्यापर्यंत ४५, सगळे स्लॅब झाल्यावर ७० पर्यंत. ग्राहक ४५ हा वेगळा हप्ता समजतात. ८० लाखांच्या फ्लॅटला जोत्याचा हप्ता खरं तर १५ टक्के, म्हणजे १२ लाख. ते वाचतात ३६ लाख. म्हणून ‘या टप्प्याला’ आणि ‘आजवर एकूण’ असे दोन रकाने, तेही रुपयांत, द्यावेत असं वाटतं.

पण जीएसटी त्याच तक्त्यात घ्यावा की खाली वेगळ्या ओळीत? आणि स्लॅबचे २५ टक्के मजल्यागणिक फोडले तर तक्ता प्रोजेक्टरवर वाचता येत नाही. कुणी हे कसं बसवलंय? नमुना दाखवाल का?