भाडं एक तारखेला देतो, मग हिशोब महिनाअखेरीचा का?

नवा भाडेकरू: पुण्यात फ्लॅट घेतोय, ११ महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स. भाडं २०,०००, दर महिन्याच्या एक तारखेला. मालक म्हणतात, अकराही महिन्यांचं आत्ताच दिलंत तर २,१४,००० घेतो, म्हणजे ६,००० सूट. माझे पैसे ६ टक्क्यांवर आहेत, हवे तेव्हा काढता येतात. सगळ्या हप्त्यांची आजची किंमत काढायला एक्सेलमध्ये `=PV(0.005,11,-20000)` टाकलं तर २,१३,५४१ आले. म्हणजे एकरकमी देणं ४५९ रुपयांनी महाग. नको म्हणू का?

हिशोबनीस: थांबा, तुमच्या सूत्रातला शेवटचा आकडा राहिलाय. तो लिहिला नाही की एक्सेल गुपचूप ० धरतं, म्हणजे प्रत्येक हप्ता महिना संपल्यावर. ही ऑर्डिनरी ॲन्युइटी झाली. तुम्ही तर पहिले २०,००० किल्ली हातात घेतानाच मोजणार, त्यावर एका दिवसाचंही व्याज तुम्हाला मिळणार नाही. हप्ता असा महिन्याच्या सुरुवातीला गेला की ती ॲन्युइटी ड्यू. `=PV(0.005,11,-20000,0,1)` लिहा, २,१४,६०८ येतील. मालकांचे २,१४,००० त्याहून ६०८ने कमी आहेत.

सूत्र बरोबर आहे का हे बघायचं तर ११ च्या जागी १ घाला. २०,००० आले तर ठीक. १९,९०० आले तर तुमचं भाडं महिनाअखेरीला गेलंय.

कागदावरही करून बघा. पहिला हप्ता शून्य महिने थांबतो, अकरावा दहा महिने, सरासरी पाच. २,२०,००० वर अर्ध्या टक्क्याने पाच महिन्यांचे ५,५००. सूट ६,०००, म्हणजे घ्यावी. ऑर्डिनरी धरलं की सरासरी सहा महिने होते, ६,६०० येतात, आणि तीच सूट अपुरी दिसते.

जुना बँकवाला: सूत्राबद्दल वाद नाही. पण मी आयुष्यभर खाती पाहिली, एक तारखेला भाडं देणारे मोजकेच. करारात पाच-दहा तारखेपर्यंत मुभा असतेच. दहा तारखेला देणाऱ्याला ॲन्युइटी ड्यू लावणं तेवढंच खोटं.

हिशोबनीस: साहेब, तेवढंच नाही. दहा तारीख म्हणजे नऊ दिवस पुढे. एवढ्या रकमेवर दिवसाला साधारण ३५ रुपये धरले तर सव्वातीनशेच्या आत. तरी एकरकमी देण्यात पावणेतीनशे-तीनशे उरतात. अठरा-एकोणीस तारखेनंतर भाडं देत असतील तर मात्र तुमचं म्हणणं खरं ठरेल.

प्रीमियमवाली: मी विम्यालाही असंच बघते. वार्षिक हप्ता २४,००० आहे, मासिक केला तर २,०८०, वर्षाचे २४,९६०. जास्तीचे ९६० म्हणजे ४ टक्के. एफडी त्याहून जास्त देते, म्हणून मी मासिक घेतला. दोन्ही हप्ते सुरुवातीलाच जातात, मग ड्यू-ऑर्डिनरीचा प्रश्नच कुठे येतो?

हिशोबनीस: ताई, दोन्ही सुरुवातीला जातात हे अगदी बरोबर. पण ४ टक्के हे वर्षभर पूर्ण २४,००० तुमच्याकडे राहिले असते तर. पहिले २,०८० त्याच दिवशी गेले, उरलेले दर महिन्याला कमी होत गेले. सरासरी साडेपाच महिनेच पैसे तुमच्याकडे होते. खरा दर वर्षाला पावणेनऊच्या जवळ जातो. एक्सेलमध्ये `=RATE(12,-2080,24000,0,1)*12` करून बघा. शेवटचा १ विसरलात तर ७.३ च्या आसपास दिसेल आणि मासिक हप्ता परवडतोय असं वाटेल. एफडी पावणेनऊ देत नसेल तर वार्षिकच भरा.

प्रीमियमवाली: केलं, ८.७ आलं. माझी एफडी ७ ची आहे. पण वर्षाचे २४,००० एकदम काढणं मला जड जातं, हेही खरंच आहे.

बदलीवाला: तुमचं सगळं गणित मालक शब्दाला जागेल असं धरून चाललंय. मी नाशिकला वर्षाचं भाडं आगाऊ दिलं होतं. चौथ्या महिन्यात बदली झाली. उरलेले पैसे मागितले तर मालक म्हणाले, करारात परतीचं काही लिहिलेलं नाही. शेवटी अर्धेच मिळाले, तेही तीन महिन्यांनी. दरमहा दिलं असतं तर एक महिन्याची नोटीस देऊन निघालो असतो. सहाशे रुपयांसाठी दोन लाख अडकवू नका.

जुना बँकवाला: हे मात्र मी उचलून धरतो. ६०८ ही जोखमीची किंमत म्हणून फारच थोडी आहे.

हिशोबनीस: ही जोखीम माझ्या सूत्रात नाही, हे मान्य. पण ती मोजायची तर ६०८ शी मोजा, उणे ४५९ शी नको. परतीचं कलम करारात येत असेल तर मी सूट घेईन.

नवा भाडेकरू: सूत्रात १ घातला, २,१४,६०८ आले. मालकांना दोन गोष्टी विचारल्या: मधेच सोडलं तर उरलेल्या महिन्यांचे पैसे पंधरा दिवसांत परत, असं लिहून देणार का, आणि सूट ८,००० करणार का. पहिलीला तोंडी हो म्हणाले. दुसरीवर म्हणाले, बायकोशी बोलून सांगतो.

बदलीवाला: तोंडी हो मलाही मिळालं होतं. नोंदणीच्या मसुद्यात ते कलम दिसेपर्यंत पैसे टाकू नका.