सभागृहातलं संरक्षण सदस्याच्या मोबाइलपर्यंत येतं का?

विक्रांत (मूळ धागा): आमदार सभागृहात उभा राहून कुणाचंही नाव घेतो, त्याला चोर ठरवतो आणि कोर्ट काही करू शकत नाही. वर त्याच भाषणाची क्लिप स्वतःच्या पानावर टाकून मिरवतो. ही पळवाट बंद करा. खरं असेल तर बाहेर येऊन बोलावं.

अनघा: भाषण आणि क्लिप यांना एका मापाने मोजू नका. सभागृहातल्या शब्दाला संसदेत संविधानाचं कलम १०५(२) आणि राज्यात १९४(२) सांभाळतं, आणि तिथे खरंखोटं तपासलंच जात नाही. १९६९ मध्ये अस्पृश्यतेबद्दलच्या वक्तव्यावरून पुरीच्या शंकराचार्यांवर लोकसभेत सडकून टीका झाली. अनुयायांनी सदस्यांवर नुकसानभरपाईचा दावा ठोकला. १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेजकिरण जैन खटल्यात तो फेटाळला. संसद बसलेली असावी आणि तिचं कामकाज चालू असावं, एवढंच न्यायालयाने पाहिलं.

हे असंच हवं. घोटाळ्याचे कागद ज्याच्या हाती येतात त्याच्याकडे कोर्टात टिकेल असा पुरावा क्वचितच असतो, आणि समोरच्याकडे मात्र वकिलांची फौज असते. पाच वर्षांनी निर्दोष सुटून काय उपयोग? खटला उभाच राहणार नाही याची खात्री असेल तरच माणूस पहिला प्रश्न विचारतो.

क्लिपचं मात्र वेगळं आहे. पश्चिम बंगालचे आमदार जतीशचंद्र घोष यांनी एका सरकारी अधिकाऱ्याबद्दल विधानसभेत प्रश्न दिले होते. ते नामंजूर झाले, तरी त्यांनी ते ‘जनमत’ या नियतकालिकात छापले. अधिकाऱ्याने बदनामीची फिर्याद केली. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की हे प्रकाशन सभागृहाच्या अधिकाराने झालेलं नाही, त्यामुळे १९४(२) मदतीला येत नाही. बचाव करायचा तर सामान्य नागरिकासारखा बदनामीच्या कलमातल्या अपवादांचा आधार घ्या. प्रकाशनाला संरक्षण आहे, पण ते सभागृहाच्या अधिकाराने निघालेल्या प्रकाशनाला. आमदाराचं पान त्यात बसत नाही.

समीर: सर्वोच्च न्यायालयाच्या सीता सोरेन निकालानंतर भाषणाचं संरक्षणही गेलंय. मार्च २०२४, सात न्यायाधीश. कामकाजाशी थेट संबंध नसेल तर संरक्षण नाही.

अनघा: अर्धं बरोबर. त्या निकालाने १९९८ चा नरसिंह राव निकाल मोडला, पण प्रश्न लाचेचा होता. लाच घेतली त्या क्षणी गुन्हा पूर्ण होतो, मग सदस्य ठरल्याप्रमाणे बोलो वा न बोलो. म्हणजे खटला पैसे घेतल्याचा चालतो, भाषणाचा नाही. चर्चेत उच्चारलेल्या वाक्यावर दावा लावायचा तर तेजकिरण जैन आजही आडवा येतो.

नागेश: आमच्या घरातल्या एकाचं नाव लक्षवेधीत घेतलं गेलं. दुसऱ्या दिवशी पेपरात. मंत्र्यांनी चौकशीचं आश्वासन दिलं आणि विषय संपला. इथे कलमं मोजताय, आमच्यासारख्याने करायचं काय ते सांगा.

मृणाल: पेपरवर जाऊ नका. सभागृहाच्या कामकाजाचा बऱ्याच अंशी खरा वृत्तांत छापला असेल तर संविधानाचं कलम ३६१-अ त्याला वाचवतं. द्वेषबुद्धी सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर पडेल. त्याऐवजी अध्यक्षांना लेखी अर्ज द्या. तारीख, लक्षवेधी होती की प्रश्न की आणखी काही, आणि आक्षेपार्ह वाक्य जसंच्या तसं, सोबत वाक्य खोडून काढणारा एखादा अधिकृत कागद. अध्यक्षांवर उत्तर देण्याचं बंधन नाही, म्हणून तोच कागद दुसऱ्या एखाद्या सदस्याकडेही द्या, म्हणजे तुमची बाजू निदान कामकाजात नोंदली जाईल. ऑस्ट्रेलियाच्या सिनेटने १९८८ पासून नाव घेतलेल्या नागरिकाला सिनेटच्याच नोंदीत उत्तर देता येईल अशी सोय केलीय. आपल्याकडे तसा हक्क नाही, आणि ही खरी उणीव आहे.

आणि त्या आमदाराने तेच बाहेर कुठे म्हटलंय का ते शोधा. सापडलं तर दिवाणी दाव्याला एकच वर्ष असतं.

विक्रांत: म्हणजे माझाच मुद्दा. बाहेर बोलला की सापडला. पण हे हुशार असतात, बाहेर फक्त ‘सभागृहात बोललो त्यावर ठाम आहे’ म्हणतात.

मृणाल: न्यूझीलंडमध्ये नेमकं यावरच भांडण झालं. जेनिंग्ज नावाच्या खासदाराने आरोप बाहेर पुन्हा उच्चारला नाही, फक्त पत्रकाराला आपण मागे हटत नाही असं सांगितलं. २००४ मध्ये प्रिव्ही कौन्सिल या लंडनमधल्या अपील न्यायालयाने त्याला जबाबदार धरलं. न्यूझीलंडच्या संसदेने २०१४ मध्ये कायदा करून असा दावा लावण्याची वाटच बंद केली.

समीर: तिकडचं राहू द्या. खरा घोळ कामकाजातून काढलेल्या शब्दांचा आहे. लोकसभेत नियम ३८० खाली शब्द वगळले की वृत्तांतात फुल्या येतात. पण थेट प्रक्षेपण आधीच होऊन गेलेलं असतं आणि क्लिप मिनिटात फिरते. मग वगळण्याला अर्थ काय?

अनघा: अर्थ आहे. ‘सर्चलाइट’ या वृत्तपत्राने बिहार विधानसभेतलं भाषण वगळलेल्या भागासकट छापलं आणि विशेषाधिकार समितीची नोटीस आली. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सभागृहाचीच बाजू घेतली. वगळलेला भाग कायद्याच्या नजरेत उच्चारलाच गेला नाही, त्यामुळे तो घालून छापलेला वृत्तांत खरा नाही.

समीर: मग उच्चारलाच नाही तर बोलणाऱ्याचं संरक्षणही जायला हवं!

अनघा: नाही. वगळणं वृत्तांतासाठी असतं. उठून बोलला तेव्हा कामकाज चालू होतं, तेवढं पुरे. नाहीतर अध्यक्षाने एखादा शब्द वगळायचा आणि विरोधी सदस्याला कोर्टात ढकलायचं, असं हत्यारच सत्ताधाऱ्यांच्या हाती दिल्यासारखं होईल.

विक्रांत: आणि छापणाऱ्याने मात्र हक्कभंग भोगायचा? बोलणारा मोकळा, ऐकून सांगणारा दोषी! याला न्याय म्हणायचं तर म्हणा.

मृणाल: आवाज चढवून नियम बदलत नाही. ‘सर्चलाइट’ छापील पेपरच्या काळातला निकाल. अध्यक्षांनी दुपारी शब्द वगळला आणि तुम्ही सकाळीच थेट प्रक्षेपणातून क्लिप घेतलीत, तर त्या क्षणी तो कामकाजाचा भागच होता. दुपारनंतर ती पानावर ठेवणं हे नवं प्रकाशन मानायचं का, यावर अनघाताईंकडेही सरळ उत्तर नसणार.

अनघा: नाहीच. खबरदारी म्हणून वगळल्याचं कळताच काढावी, एवढंच सांगेन.

समीर: आणि वगळलं नसेल तर? आमदाराने पूर्ण भाषण टाकलं, काटछाट नाही. तेही सापडणार? ३६१-अ आहे की.

अनघा: ३६१-अ मध्ये वृत्तपत्र आणि प्रसारण केंद्र लिहिलंय. सदस्याचं स्वतःचं पान त्यात येतं असं मला वाटत नाही. बदनामीच्या कलमातला खऱ्या वृत्तांताचा अपवादही न्यायालयीन कामकाजापुरताच आहे. १८१३ मध्ये इंग्लंडच्या क्रीव्ही या खासदाराने, वृत्तपत्रांनी चुकीचं छापलं म्हणून, दुरुस्त केलेलं भाषण स्वतः छापायला पाठवलं आणि शंभर पौंड दंड भरला.

मृणाल: इथे मी असहमत. जे जनतेने थेट पाहिलं तेच अखंड स्वरूपात मतदारांना दाखवणं हा सद्भावनेचा आणि लोकहिताचा बचाव ठरू शकतो. तीस सेकंदांचा तुकडा, वर ‘चोर पकडला’ असा मथळा, हे मात्र वेगळं. मथळा सभागृहात बोललेला नाही, तो सरळ आमदाराचा स्वतःचा.

विक्रांत: ठीक, सभागृहातल्या भाषणाला हात लावू नका, इतकं मान्य करतो. पण लोकसभेचा नियम ३५३ आरोपाआधी अध्यक्ष आणि मंत्र्यांना पुरेशी सूचना द्या म्हणतो. तो रोज मोडला जातो तेव्हा अध्यक्ष काय करतात?

नागेश: मीही तेच विचारतोय. आमच्या बाबतीत अशी सूचना दिली होती का, हे कुणाकडे मागायचं?

मृणाल: विधिमंडळ सचिवालयाकडे माहितीचा अर्ज करा. विशेषाधिकाराचं कारण देऊन नाकारलं तर पहिलं अपील तिथेच. नकाराचा कागद जपून ठेवा.