मदत हवी आहे: उत्सर्जन निम्म्यावर आणलं तरी तापमानाच्या रेघा चिकटलेल्याच, शीटमध्ये काय चुकतंय?

रामबागकर

मंडळी, जरा तातडीचं आहे. शनिवारी इथं इंदूरला आमच्या मंडळात नेट झिरोवर बोलायचं आहे आणि मुख्य आलेखच बसत नाहीये. शीटमध्ये दोन रकाने केलेत. एकात उत्सर्जन दरवर्षी ४० च ठेवलं, दुसऱ्यात दरवर्षी २ नं कमी करत नेलं. दहाव्या वर्षी दुसऱ्यात २२ उरतात, म्हणजे जवळजवळ निम्मे. तरी तापमानाच्या दोन्ही रेघा एकमेकींना खेटूनच आहेत. दहा वर्षांनी फरक फक्त ०.०४. समोर सगळी निवृत्त, चौकस माणसं बसणार. “एवढं सगळं करून हाती एवढंच?” असं कुणी विचारलं तर काय सांगू? सूत्रात चूक असेल तर सांगा, स्लाइड उद्याच द्यायची आहे.

सौरछत

आमच्याकडे दोन वर्षांपासून ३ किलोवॉटचं सोलर आहे, नेट मीटर लावलंय, उन्हाळा सोडला तर बिल शून्यच येतं. ७८ हजार सबसिडी मिळाली. तुमचं बिल शून्य होत नसेल तर आधी पॅनलवर सावली पडते का ते बघा. आमच्या शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीची सावली दुपारी तीननंतर यायची, टाकी हलवली तेव्हा फरक पडला.

रामबागकर

साहेब, नेट मीटर नाही हो, नेट झिरो. पृथ्वीच्या तापमानाबद्दल चाललंय.

कर्बचक्र

४० म्हणजे कशाचे? जगाचे की भारताचे? नुसता कार्बन डायऑक्साइड की मिथेनसकट सगळे वायू? आणि तापमान कुठल्या सूत्रानं काढलंय? ते चिकटवल्याशिवाय काहीच सांगता येणार नाही.

रामबागकर

जगाचेच, दुसरे कशाचे असणार! अब्ज टन, फक्त कार्बन डायऑक्साइड. सूत्र हे:

```
=SUM(B$2:B2)*0.45/1000
```

B मध्ये उत्सर्जन, उत्तर अंशांत.

कर्बचक्र

मग तुमचं सूत्र बरोबर आहे आणि उत्तरही बरोबर आहे. तुमच्या आलेखात जे दिसतंय तेच खरं घडणार आहे, म्हणून स्लाइड बदलू नका.

तुम्ही SUM लावलंय, त्यातच सगळं आलं. तापमान या वर्षीच्या उत्सर्जनावर ठरत नाही, आजवरच्या एकूण बेरजेवर ठरतं. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या २०२१ च्या अहवालात दर १००० अब्ज टनांना ०.४५ अंश असा मधला अंदाज आहे (०.२७ ते ०.६३ हा पल्लाही स्लाइडवर द्या, लपवू नका). १८५० पासून २०१९ पर्यंत साधारण २४०० अब्ज टन आधीच ओतून झालेत. दरवर्षी ४० म्हणजे त्या जुन्या उधारीत नवी भर. दर २ नं कमी केलात तर भर कमी पडते, पण उधारी वाढतच असते.

आता पहिली दहा वर्षं बघा. एका रकान्याची बेरीज ४००, दुसऱ्याची ३१०. वाचले ९० अब्ज टन, म्हणून ०.०४ अंश. पाचव्या वर्षी तर फक्त २० वाचलेले असतात, म्हणजे जेमतेम ०.०१ अंश. एल निनोच्या एका वर्षात जागतिक सरासरी ०.१ ते ०.२ अंशांनी हलते, त्यात हे मापकावर दिसायचंच नाही. शीट दहा ओळींवर का थांबवलीत? पुढच्या दहा ओळी टाका.

रामबागकर

टाकल्या. अकरावं ते विसावं वर्ष: कमी करणाऱ्या रकान्यात ११० आले, दुसऱ्यात ४००. म्हणजे त्या दहा वर्षांत वाढ ०.०५ विरुद्ध ०.१८! आणि एकविसाव्या वर्षी ० झालं की कमी करणाऱ्या रकान्याची रेघ आडवी. म्हणजे पहिल्या दशकात केलेल्या कामाचा बराचसा फायदा दुसऱ्या दशकात दिसतो?

कर्बचक्र

हो. पहिल्या दशकात खाली आणलेला आकडा दुसऱ्या दशकात खालीच राहतो, म्हणून तिथं बचत मोठी दिसते. वीस वर्षांची बेरीज ४२० विरुद्ध ८००. तापमानातली वाढ ०.१९ विरुद्ध ०.३६. श्रोत्यांना हीच स्लाइड दाखवा.

बडोदेकर

मी रसायन अभियंता, खत कारखान्यात आयुष्य गेलं. इथं एक मोठी गोष्ट राहून गेली आहे. शून्य झाल्यावर रेघ आडवी होते हे साफ चूक. समुद्र अजून तापायचा आहे. आज सगळं बंद केलं तरी अर्धा अंश तरी वाढ ठरलेलीच आहे, तिला ‘पाइपलाइनमधली वाढ’ म्हणतात. वाफेचा व्हॉल्व्ह बंद केला म्हणून बॉयलर लगेच गार होत नाही. लोकांना खोटी आशा देऊ नका.

कर्बचक्र

बडोदेकर साहेब, समुद्राचं म्हणणं खरं आहे, पण तो आकडा वेगळ्या प्रश्नाचा आहे. हवेतलं कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण आज आहे तिथंच धरून ठेवलं तर काय, याचं ते उत्तर. प्रमाण धरून ठेवायचं तर थोडं उत्सर्जन चालूच ठेवावं लागतं, कारण समुद्र आणि झाडं दरवर्षी आपल्या उत्सर्जनातला साधारण अर्धा वाटा ओढून घेतात. उत्सर्जन शून्य केलंत की ते ओढणं थांबत नाही, प्रमाण हळूहळू उतरू लागतं. समुद्र तापत राहतो त्यानं पृष्ठभाग थोडा वर ढकलला जातो, प्रमाण उतरतं त्यानं खाली ओढला जातो. मॉडेलांमध्ये ही दोन्ही जवळपास फिटतात, म्हणून रेघ आडवी.

बडोदेकर

“जवळपास” या शब्दावर मी पूल बांधणार नाही. आणि कोळशाच्या धुरातले सल्फेट? ते ऊन परत फेकतात. कोळसा बंद झाला की ते छत्र जाणार आणि तापमान चढणार. रामबागकरांच्या सूत्रात ते कुठंय?

कर्बचक्र

नाहीच. हा मुद्दा मान्य. त्यांचं सूत्र फक्त कार्बन डायऑक्साइडचं आहे. आणि “जवळपास” म्हणजे मधला अंदाज शून्याच्या आसपास, पण ०.३ अंश इकडं किंवा तिकडं जाऊ शकतं. एवढी अनिश्चितता आहे, ती सांगूनच बोलायला हवं.

माई_ग्वाल्हेर

मला एक कळत नाही. लॉकडाऊनमध्ये गाड्या, कारखाने बंद होते तेव्हा काही दिवसांत आकाश निळं झालं होतं. जालंधरहून हिमालयाची शिखरं दिसली, फोटो सगळ्यांनी बघितले. मग उत्सर्जन कमी केल्यावर इतकी वर्षं का लागतात? तेव्हा तर पटकन झालं.

कर्बचक्र

माई, फार योग्य प्रश्न. तेव्हा गेले ते धुराचे आणि धुळीचे कण. ते हवेत काही दिवस, फार तर काही आठवडे टिकतात. बंद केलं की पाऊस आणि वारा त्यांना खाली बसवतो. कार्बन डायऑक्साइड असा खाली बसत नाही. आज सोडलेल्यातला काही भाग हजार वर्षांनीही हवेतच असेल.

२०२० मध्ये जगाचं उत्सर्जन साधारण ५ टक्क्यांनी घटलं, म्हणजे २ अब्ज टन. तरीही हवाईतल्या मौना लोआ केंद्रावर प्रमाण त्या वर्षीही दशलक्षात २.५ च्या आसपास वाढलंच. हवेत दशलक्षात १ भाग वाढायला ७.८ अब्ज टन लागतात आणि सोडलेल्यातला अर्धाच हवेत राहतो. त्या हिशेबानं लॉकडाऊनचा परिणाम दशलक्षात ०.१३ एवढाच. झाडांच्या ऋतूप्रमाणे तिथला आकडा दरवर्षी याहून कितीतरी पट वरखाली होतो. दिसणार कुठून?

माई_ग्वाल्हेर

म्हणजे निळं आकाश आणि हे दोन वेगळे हिशेब. मग मिथेनचं काय? आमच्या गोठ्यात म्हशी आहेत, मुलगा म्हणतो त्यांच्यामुळेही होतं.

कर्बचक्र

मिथेन त्या दोहोंच्या मधला, साधारण १२ वर्षांत विरतो. म्हणून मिथेन कमी केला तर एक-दोन दशकांत तापमान थोडं खरोखर खाली येतं. रामबागकर, वेळ असेल तर हे एका वाक्यात सांगा, पण त्या SUM मध्ये मिथेन टाकू नका. त्याला बेरजेचा नियम लागू नाही.

हिरवाई

एवढे आकडे कशाला? झाडं लावा. जुलै २०२४ मध्ये आपल्या इंदूरला रेवती रेंजवर एका दिवसात ११ लाखांवर रोपं लावली. नेट झिरो म्हणजे तेच ना, जेवढं सोडतो तेवढं शोषायचं. इंदूर तर झालंच मग!

रामबागकर

हा प्रश्न शनिवारी नक्की येणार. कुणी हिशेब करून देईल का?

कर्बचक्र

नेट झिरोचा अर्थ हिरवाईंनी बरोबर सांगितला, माप चुकलं. वाढलेलं झाड ढोबळमानानं वर्षाला २० किलो ओढतं असं धरा. ११ लाख रोपं सगळी जगून मोठी झाली असं समजलं तरी २२ हजार टन. भारतात माणशी वर्षाला साधारण २ टन निघतात. म्हणजे ११ हजार माणसांचा हिशेब भागला, आणि इंदुरात ३० लाखांहून जास्त लोक राहतात. शिवाय झाड वाळलं, जळलं की तेच परत हवेत. लावलेली जगली का हे पाच वर्षांनी जाऊन मोजलं पाहिजे.

म्हणून आधी ४० चे २, ३ करायचे आणि मग जे निघता निघत नाही त्याच्यापुरतंच शोषण वापरायचं. सिमेंट घ्या. भट्टी विजेवर चालवली तरी चुनखडी भाजताना दगडातूनच वायू निघतो, आणि सिमेंटच्या उत्सर्जनात मोठा वाटा त्याचाच. ‘नेट’ हा शब्द अशा उरलेल्यांसाठी आहे. जे आज बंद करता येतं ते चालू ठेवून झाडं दाखवायची, यासाठी नाही.

हिरवाई

मी स्वतः तिथं खड्डे खणलेत. झाडांनी सावली मिळते, पाणी मुरतं, ते तुमच्या टनांत मोजत नाहीत. झाडं लावायचं थांबवा असं म्हणू नका.

कर्बचक्र

कुणीच म्हणत नाहीये. सावलीसाठी आणि पाण्यासाठी जरूर लावा, जगवा.

सौरछत

आता कळलं. मग माझ्या घराचं नेट झिरो झालं की नाही? बिल तर शून्य आहे.

बडोदेकर

रात्री तुमचा पंखा बहुतेक कोळशावर फिरतो. दुपारी जास्तीची वीज तुम्ही ग्रिडला देता तेव्हा दुसऱ्याचा कोळसा वाचतो हेही खरं. बिलाचा शून्य आणि हवेचा शून्य एकच आहे असं मी म्हणणार नाही, पण पॅनल काढू नका.

रामबागकर

सगळ्यांचे आभार. वीस वर्षांचा आलेख, लॉकडाऊन आणि रेवती रेंज, एवढंच घेतो. बडोदेकरांचं छत्र प्रश्नोत्तरांत. एकच राहिलं. शून्यावर रेघ आडवी होते, खाली येत नाही. ती खाली आणायची झाली तर? भारतानं तर २०७० सांगितलंय, तोवर बेरीज बरीच पुढं गेलेली असणार.

कर्बचक्र

तुमचंच सूत्र उलटं चालवा. ०.१ अंश खाली आणायला साधारण २२० अब्ज टन हवेतून काढून जमिनीखाली कायमचे गाडावे लागतील. आजच्या जगाचं साडेपाच वर्षांचं उत्सर्जन झालं ते.

बडोदेकर

आणि तेव्हा समुद्र शोषलेलं थोडं परत सोडेल, म्हणून २२० पुरणार नाहीत. यावर तरी आपलं एकमत व्हावं.

कर्बचक्र

दिशा पटते. किती जास्त लागतील यावर नाही. वेगळा धागा काढा, तिथं बोलू.