पहिला पाऊस, तीन ओळी, दोनच सिलॅबलचे शब्द: 'ढग' चालेल का?

पंचवटीकर: पहिल्या पावसावर तीन ओळी करायच्यात, प्रत्येक शब्द दोनच सिलॅबलचा. मी हे केलंय, बसतं का सांगा.

ढग आले, सर आली,
काळी माती ओली झाली,
गोदाकाठी गंध सुटे.

सिडकोवाली: नाही बसत दादा. 'ढग', 'सर' मोठ्याने म्हणून बघा, शेवटचा अ आपण गिळतो, एकच ठोका येतो. आणि गोदाकाठी तर सरळ चार.

पंचवटीकर: 'गोदा काठी' असं तोडलं तर?

निवृत्त मास्तर: तोडू नका, तो एकच शब्द आहे. 'ढग' मात्र बिनधास्त ठेवा. अभंग अक्षरं मोजून होतात आणि गाताना आपण ढ-ग असं पूर्ण म्हणतोच की.

सिडकोवाली: सर, गाताना मान्य, पण त्यांनी सिलॅबल विचारलंय. अक्षरं मोजली तर 'पाऊस' तीन होतो आणि बाद, बोलून मोजला तर पा-ऊस दोनच, म्हणजे चालतो. म्हणून मी म्हणते दोन्हीकडे बसतील तेच शब्द घ्या, शेवटी लांब स्वर असलेले, सर नको सरी घ्या. खरी अडचण प्रत्ययांची आहे, 'माती'ला 'ला' लावला की झाले तीन. तिथे जुनी सप्तमी कामाला येते, दारी, घरी, रानी.

हायकूप्रेमी: तीन ओळी म्हणजे हायकू ना? मग ५-७-५ हवं, इथे सगळ्या ओळी आठच्या आहेत.

निवृत्त मास्तर: अहो, हायकू कुणी मागितलाय? आणि दोन-दोनचे शब्द जोडून पाच किंवा सात होणार कसे, बेरीज समच येणार.

निफाडचा शेतकरी: गंध वगैरे ठीक आहे, पण आमच्याकडे पहिली सर म्हणजे चाळीबाहेर पडलेला कांदा झाकायची पळापळ, ताडपत्री एकीकडे आणि माणसं दुसरीकडे. आणि पहिल्या पाण्याने काळी माती ओली दिसतच नाही लवकर, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात, पाणी सगळं त्यातच जातं.

सिडकोवाली: भाऊ, तुम्ही कविताच दिलीत! पहिला हा शब्द तीनचा, तो घेताच येत नाही, पण भेगा आल्या की पाऊस पहिलाच आहे हे कळतं, कारण नंतर त्या मिटतात.

हवा थांबे, सरी आल्या,
काळ्या रानी भेगा प्याल्या,
धावा, धावा, कांदा झाका!

निवृत्त मास्तर: मोजणी चोख आहे. पण 'थांबे' आणि 'आल्या' एका ओळीत, काळ बदलतो, मला खटकतं.

पंचवटीकर: मला नाही खटकत, हवा थांबते आणि सरी येऊन पडलेल्याही असतात, एवढं पटकन होतं ते. पण ताई, गोदा गेली की हो यातून, ती कुठेतरी हवीच, बघतो बसून.