मदत हवी आहे: छाटलेले कोपरे जुळतात, बंदर जुळत नाही

एका उपग्रह छायाचित्रावरून शहर ओळखायचं आहे. चित्रावर उत्तर दिशा दिलेली नाही. धावपट्टीच्या टोकांवर १८ आणि ३६ रंगवलंय, म्हणजे ती साधारण चुंबकीय उत्तर-दक्षिण. त्यानुसार चित्र फिरवून घेतलं. टोकाशी १२ पांढरे पट्टे मोजले, म्हणजे रुंदी ४५ मीटर. त्या मापाने शहरातले चौकोनी ठोकळे साधारण ११० मीटरचे निघतात, चारही कोपरे तिरके छाटलेले.

लगेच बार्सिलोना आठवलं, पण तिथे समुद्र आग्नेयेला आणि रस्ते जवळपास ४५ अंशांत तिरपे. माझ्या चित्रात समुद्र पश्चिमेला, रस्ते सरळ उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम, आणि लाटारोधक भिंत नदीच्या मुखाशी. असे छाटलेले कोपरे आणखी कुठल्या बंदराच्या शहरात आहेत?